आंतरपीक घेतलं तरी फवारे तेवढेच? कपाशीत उडीद-चवळी घेताना या चुका टाळा

खान्देशात कपाशीत उडीद-मूग घेणं काही नवीन नाही. बीटी येण्याआधी अमळनेर-पारोळ्याच्या जिरायती पट्ट्यात कपाशीच्या वावरात तुरीचं एक तास, उडदाचं एक तास, कडेला ज्वारी असं असायचंच. मग बीटी आली, ठिबक आलं, मे महिन्यातली मान्सूनपूर्व लागवड आली आणि वावर एका पिकाचं झालं. आता परत बरेच जण मिश्र पिकाकडे वळतायत, गुलाबी बोंडअळीने आणि औषधांच्या बिलाने वळायला लावलंय म्हणा, पण एक-दोन हंगाम झाले की तक्रार एकच, "भाऊ, उडीद लावला, चवळी लावली, पण फवारे तेवढेच लागले आणि कपाशीचं ॲव्हरेज पण जरा कमीच आलं, मग फायदा काय?"

तक्रार खरी आहे, पण दोष बहुतेक वेळा आंतरपिकाचा नसतो. आंतरपीक घेतलं म्हणजे फवारा आपोआप कमी होत नाही, तो आपणच हात आवरून कमी करायचा असतो. चवळी फक्त मित्रकीटक बोलावून आणते, त्यांना जगू द्यायचं का नाही ते आपल्या पंपावर आहे. आंतरपीक घ्यायचं आणि फवारणी जुन्याच कॅलेंडरने करायची म्हणजे दोन्हीकडचा खर्च आपल्याच खिशातून, आणि असं केलं तर हिशोब तोट्यात जातो, ते आकड्यानेच शेवटी दाखवतो. आधी वावरातल्या चुका बघू.

चवळीवरचा मावा बघून पंप उचलणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा निवांत थांबतो. जुलैत चवळीचे शेंडे काळे दिसायला लागतात, शेंगेवर काळ्या माव्याचा थर बसतो, मुंग्या फिरतात, आणि लगेच ग्रुपवर फोटो येतो, "चवळीवर मावा पडना, काय फवारू?" दुकानदार काहीतरी देतो, चवळीवर मारता मारता कपाशीच्या चार ओळींवर पण मारलं जातं, आणि जे काम करण्यासाठी चवळी लावली होती ते तिथेच संपतं.

चवळीवरचा काळा मावा आणि कपाशीवरचा पिवळसर-हिरवट मावा या दोन वेगळ्या जाती आहेत. काळा मावा हा मुख्यतः शेंगवर्गी पिकांवर जगणारा आहे, चवळी, भुईमूग, वाल अशावर, कपाशीवर तो फौज करून बसत नाही. पण ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड, क्रायसोपा, सिरफिड माशी यांना जातीचं काही पडलेलं नाही, त्यांना मावा पाहिजे, मग काळा असो नाहीतर पिवळा. चवळीवर मावा आधी येतो, तो खायला हे कीटक आधी येतात, तिथेच अंडी घालतात, पिल्लं वाढवतात आणि कपाशीवर मावा चढायला लागेपर्यंत त्यांची संख्या तयार असते. म्हणजे चवळीवरचा मावा हा आपण मुद्दाम टाकलेला चारा आहे, तो मारला तर मित्रकीटक उपाशी मरतील किंवा उडून जातील.

इथे धीर लागतो, कारण मावा आधी वाढतो आणि त्याला खाणारे मागून येतात, मध्ये आठ-दहा दिवसांचं अंतर पडतं आणि त्याच दिवसांत माणूस घाबरतो. त्या दिवसांत काय बघायचं? चवळीचा शेंडा हातात धरून नीट बघा, सोबत मोबाईलचा कॅमेरा झूम करा. पिवळी लांबट अंडी घोळक्याने उभी चिकटवलेली दिसली तर ती ढालकिड्याची. काळपट, लांबुडकी, अंगावर केशरी ठिपके असलेली, सहा पायांवर भराभर पळणारी अळी दिसली तर ती ढालकिड्याचीच अळी आहे, आणि बिचारी सगळ्यात जास्त मारली जाते ती हीच, कारण दिसायला भयंकर दिसते आणि लोकांना वाटतं ही पानं खाते. ती पान खात नाही, ती मावा खाते आणि मोठ्या भुंगेऱ्यापेक्षा पण अधाशीपणे खाते. पानावर केसासारख्या दांड्यावर उभं पांढरं अंडं दिसलं तर क्रायसोपाचं. आणि माव्यात काही मावे फुगलेले, तपकिरी, कडक, हलत नाहीत असे दिसले तर त्यांच्या पोटात बारीक परजीवी गांधीलमाशी वाढतेय, ते मेलेलेच आहेत, फक्त पडायचे राहिलेत. असे तपकिरी मावे वाढताना दिसले की समजायचं काम चालू झालं.

एक खरंच अडचणीचं लक्षण पण आहे, मुंग्या. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि ढालकिड्याला हुसकावतात, त्यामुळे मुंग्यांची रांग फार जाड असेल तर तिथे मित्रकीटक कमी दिसतात. अशा वेळी चवळीचे तेवढेच शेंडे खुडून टाकायचे, पंपाला हात लावायचा नाही.

चवळी कुठे आणि किती लावायची यातही गडबड होते. फक्त बांधाच्या कडेला चार दाणे टाकले तर पाच एकराच्या मधल्या ओळींपर्यंत ढालकिडा जात नाही असं नाही, पण उशिरा जातो. चारी बाजूंनी एक ओळ आणि आत कपाशीच्या दर दहा ओळींनंतर चवळीची एक ओळ, असं केलं तर पसरायला सोपं जातं. चवळी झुडपी, बुटकी घ्या. वेलीची चवळी लावली तर ती सरळ कपाशीवर चढते, मग ती सोडवायला मजूर लागतो आणि माणूस वैतागून चवळीच उपटतो. आणि पेरणी कपाशीसोबतच करा, नंतर उरलेल्या जागेत टाकू म्हणाल तर चवळीवर मावा यायच्या आत कपाशीवर आलेला असेल.

पहिल्या चाळीस दिवसांतला "सेफ्टी"चा फवारा

बीटीचं बी पाकिटातूनच रसशोषक किडींविरुद्ध औषध लावून येतं, त्या औषधाचा असर सुरुवातीचे काही आठवडे राहतो. तरी वीस-पंचविसाव्या दिवशी "वाढीसाठी आणि किडीसाठी" म्हणून मिक्स टॉनिक आणि एक कीटकनाशक सोबत मारायची सवय लागलीय. नेमके तेच दिवस मित्रकीटक वावरात पाय रोवायचे असतात. त्यात सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातलं स्वस्त औषध मारलं तर पुढे पांढरी माशी उसळते, हे कपाशीत वर्षानुवर्षं बघितलेलं आहे, कारण माशीला खाणारे मरतात आणि माशी पानाखाली वाचते.

मग फवारा कधी? मोजून. एकरात फिरत फिरत, कडेची झाडं सोडून, 20 झाडं घ्या, प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं असं एक-एक पान, म्हणजे 60 पानं. पान खालून बघायचं, सकाळी लवकर, किडी सुस्त असतात तेव्हा. आर्थिक नुकसानीची पातळी तुडतुड्यासाठी पानामागे 2 ते 3 पिल्लं, फुलकिडे आणि मावा पानामागे साधारण 10, पांढरी माशी पानामागे 8 ते 10 प्रौढ. आता समजा 60 पानांवर मिळून 84 तुडतुडे भरले, तर 84 भागिले 60 म्हणजे पानामागे 1.4, पातळीच्या खाली, फवारा नाही, चार-पाच दिवसांनी परत मोजा. 150 भरले तर पानामागे अडीच, म्हणजे पातळीत आले, तरी लगेच पळू नका, त्याच 20 झाडांवर कोळी, ढालकिडे, क्रायसोपा किती दिसले ते पण लिहा. कृषी विभागाच्या शेतीशाळेत दोन किडींमागे एक मित्रकीटक असेल तर थांबा, असा ठोकताळा शिकवतात, तो वापरायला हरकत नाही, पण तुडतुड्याच्या बाबतीत मी थोडा सावध राहीन, कारण चवळीमुळे माव्यावर जेवढा परिणाम दिसतो तेवढा तुडतुड्यावर दिसत नाही. तुडतुड्यावर कोळी आणि अंड्यांवरचे बारीक परजीवी काम करतात, आणि तेही पावसाची उघडीप पडून उकाडा वाढला की मागे पडतात.

मारायचीच वेळ आली तर आधी 5 टक्के निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळ्या 5 किलो भरडून 10 लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळून, थोडा साबणचुरा मिसळून एकूण 100 लिटर करायचं आणि त्याच दिवशी मारायचं. याचा असर पिल्लांवर जास्त होतो, मोठ्या किडीवर कमी, आणि दुसऱ्या दिवशी किडी मरून पडलेल्या दिसत नाहीत, म्हणून "निंबोळी चालत नाही" म्हणणारे खूप. चार-पाच दिवसांनी परत मोजल्यावरच कळतं. त्याने नाही आवरलं तर फ्लोनिकॅमिडसारखं रसशोषकांपुरतं काम करणारं औषध, लेबलवरच्याच डोसने, आणि एकदाच. दोन-तीन औषधं एकत्र ढवळून मारू नका, त्यात मित्र वाचत नाहीत.

आणि युरिया. आंतरपीक आहे म्हणून "दोघांना पुरलं पाहिजे" असं म्हणत युरियाचा हात सैल सोडला की पानं लुसलुशीत होतात आणि तुडतुडे-मावा तिकडेच धावतात. उडीद-चवळीला वेगळा युरिया लागत नाही, कपाशीचा डोस कपाशीच्याच ओळीला द्या.

पानं लाल दिसली म्हणजे कीडच, असंही नाही. पान उलटं करून बघा. कडा पिवळ्या होऊन मग लाल आणि पान खाली वळलेलं, खाली तिरके पळणारे हिरवे तुडतुडे असतील तर ते तुडतुड्याचं काम. शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल आणि पानाखाली काहीच नसेल, आणि थंडी सुरू झालेली असेल, तर लाल्याची शक्यता जास्त, मॅग्नेशियमची कमतरता वगैरे, त्यावर कीटकनाशक मारून पैसे आणि मित्रकीटक दोन्ही घालवू नका.

सोबती चुकीचा निवडणं

"एकापेक्षा जास्त पिकं म्हणजे किडी कमी" हे वाक्य अर्धंच खरं आहे. 1991 मध्ये अँडो नावाच्या संशोधकाने तोपर्यंत झालेले 209 अभ्यास एकत्र करून तपासले, 287 किडींच्या जाती, त्यात साधारण 52 टक्के जाती मिश्र पिकात एकट्या पिकापेक्षा कमी सापडल्या, पण 15 टक्के जाती मिश्र पिकात उलट जास्त सापडल्या. बाकीच्यांचं काही ठरलं नाही किंवा फरकच नव्हता. त्या 15 टक्क्यांत जायचं नसेल तर कीड काय काय खाते ते बघायला लागतं. जी कीड फक्त एकाच पिकावर जगते ती मिश्र वावरात गोंधळते, तिला आपलं झाड शोधायला वेळ लागतो, सापडलं तरी शेजारी दुसरंच झाड. पण जिला दोन्ही पिकं चालतात तिच्यासाठी आपण दोन ताटं वाढून ठेवलेली असतात.

खान्देशात याचं ठळक उदाहरण म्हणजे भेंडी. घरच्या भाजीपुरती कपाशीत भेंडी लावायची सवय आहे, दोन-चार झाडांनी आभाळ कोसळत नाही, पण ओळीच्या ओळी लावल्या तर तुडतुडे, पांढरी माशी आणि बोंडअळ्या तिन्हींना ती चालते, कारण भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या. अंबाडीचं पण तेच. वांगी, टोमॅटो, मिरची शेजारी असतील तर पांढरी माशी आणि फुलकिडे तिथून येतात, हे चोपडा-यावलच्या भाजीपाला पट्ट्यात ज्यांचं वावर आहे त्यांना माहीतच आहे.

उडीद-मुगाची पण एक बाजू बघून ठेवा. पांढरी माशी त्यांच्यावर येते आणि पिवळा मोझॅक पसरवते. पानं पिवळीधमक ठिपकेदार झालेली झाडं सुरुवातीलाच उपटून वावराबाहेर नेऊन गाडा, पाच-दहा झाडं असताना हे शक्य असतं, अर्धी ओळ पिवळी झाल्यावर नाही. पण उडदाचा मोठा फायदा असा की तो 70-75 दिवसांत निघून जातो, पोळ्याच्या आगेमागे शेंगा तयार होतात आणि कपाशीला पुढची मोकळी जागा मिळते, वर त्यावर वाढलेले कोळी आणि ढालकिडे कपाशीवर सरकतात. शेंगा तोडून झाल्यावर लगेच त्याच दिवशी सगळा पाला उपटून वावराबाहेर नेऊ नका, दोन दिवस ओळीतच पडू द्या, म्हणजे किडे चालत कपाशीवर जातील.

मका आणि ज्वारीची कडेची ओळ मला फार कामाची वाटते. तिच्यावरचा मावा कपाशीवर येत नाही आणि मित्रकीटक तिथे पोसले जातात, शिवाय ज्वारीवर पक्षी बसतात ते अळ्या पण टिपतात. विदर्भात कपाशी, ज्वारी, तूर, ज्वारी अशी 6:1:2:1 ओळींची पद्धत आहे, जिरायती भारी जमिनीत आपल्याकडेही ती बसते. फक्त हलक्या मुरमाड जमिनीत तूर आणि कपाशी एकाच पाण्यावर भांडतात, तिथे तुरीऐवजी उडीद-मूगच बरा.

गुलाबी बोंडअळी चवळीने जाईल ही अपेक्षा

जाणार नाही. हे स्पष्ट सांगायला पाहिजे कारण याच अपेक्षेने लोक आंतरपीक घेतात आणि ऑक्टोबरमध्ये किडकी बोंडं फोडून बघितली की सगळ्यावरचाच विश्वास उडतो. कारण साधं आहे. ही अळी आपल्याकडे कपाशीवरच जगते, भेंडी-अंबाडीवर थोडीफार. अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात फुलात नाहीतर बोंडात शिरते आणि मग ढालकिडा, क्रायसोपा, कोळी, पक्षी, कोणाचाच हात तिला लागत नाही. उघड्यावर असते ती फक्त अंडी आणि पतंग. म्हणून अंड्यांवरचे परजीवी म्हणजे ट्रायकोकार्ड, एकरी तीन कार्डं म्हणजे साधारण 60 हजार, फुलं लागायला लागल्यावर, दर आठ-दहा दिवसांनी काही वेळा, पानाच्या खालच्या बाजूला टाचून, संध्याकाळी. आणि कार्ड लावल्यावर पुढचे काही दिवस फवारा नाही. कार्ड लावून दुसऱ्या दिवशी फवारणी केली तर कार्डाचे पैसे वाया.

पतंगांसाठी कामगंध सापळे, लक्ष ठेवायला एकरी दोन. सलग तीन रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले किंवा फुलं-बोंडं मिळून 10 टक्के किडकी निघाली तर ती उपाय करायची पातळी. फुलांमध्ये पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळून मिटलेल्या दिसल्या, ज्याला आपण डोमकळी म्हणतो, त्या वेचून जाळून टाका, प्रत्येकीत एक अळी असते. सापळ्याची गोळी किती दिवस टिकते ते पाकिटावर बघून बदलत जा, जुन्या गोळीच्या सापळ्यात पतंग नाहीत म्हणजे वावरात नाहीत असं नसतं.

आणि मान्सूनपूर्व लागवड. मे महिन्यात ठिबकवर लावलेल्या कपाशीला जूनअखेर-जुलैत पात्या-फुलं येतात आणि जमिनीतून निघालेल्या पहिल्या पतंगांना नेमका तोच चारा मिळतो. त्या वावरात आंतरपीक पण जमत नाही, कारण पावसाच्या वाफशावर उडीद पेरला तेव्हा कपाशी महिन्याभराची होऊन सावली करायला लागलेली असते आणि ठिबकचं पाणी कपाशीच्याच बुडाशी, मधल्या पट्ट्यात कोरडं. आंतरपीक करायचंच तर लागवड पावसाच्या सोबत धरा, आणि शेवट पण वेळेत, डिसेंबर-जानेवारीत वावर रिकामं, फरदड नाही, पऱ्हाटी वावरात उभी नाही. एवढं केलं तर गुलाबी अळीचं जे काय कमी व्हायचं ते या वेळापत्रकाने होतं, आंतरपिकाने नाही.

तणनाशक बघून न मारणं

छोटा मुद्दा, पण एका दिवसात सगळं आंतरपीक जातं म्हणून लिहितो. कपाशीत रुंद पानाच्या तणावर चालणारं पायरिथायोबॅक सोडियम उडीद-मूग-चवळीला पण तणच समजतं. उलट उडीद-मुगात चालणारं इमॅझेथापायर कपाशीला चालत नाही. दोन्ही पिकं असतील तर रुंद पानाच्या तणासाठी खुरपणी-कोळपणी हाच रस्ता, गवतवर्गी तणासाठी क्विझालोफॉपसारखं फक्त गवतावर काम करणारं चालतं, पण मग कडेच्या मका-ज्वारीवर एक थेंब उडता कामा नये. कोळपं फिरायला जागा राहील असं अंतर आधीच ठेवा. चार फुटी ओळीत मधोमध उडदाचं एकच तास, दोन नाही. दोन तासं घेतली की कोळपं जात नाही, पहिले दीड महिने कपाशीची वाढ दबते आणि मग ॲव्हरेज कमी आलं म्हणून आंतरपिकाला नाव ठेवलं जातं.

फक्त कपाशीचे क्विंटल मोजणं

आता हिशोब. मिश्र पिकात मुख्य पिकाचं उत्पादन थोडं कमी होतं ही गोष्ट मान्य करायला पाहिजे. 2011 मध्ये लेटर्नो आणि सहकाऱ्यांनी 552 प्रयोगांचे आकडे एकत्र केले तेव्हा विविध पिकांच्या वावरात मित्रकीटक जास्त, किडी कमी, पिकाचं नुकसान कमी असंच निघालं, पण मुख्य पिकाच्या उत्पादनावर थोडा उणे परिणाम पण निघाला, विशेषतः जिथे दुसऱ्या पिकाने मुख्य पिकाची जागा घेतली तिथे. म्हणजे किडी कमी झाल्या म्हणून क्विंटल वाढलेच पाहिजेत असं नाही. म्हणून तुलना कपाशी विरुद्ध कपाशी करायची नाही, एकरातून एकूण काय निघालं ते बघायचं.

त्यासाठी जमीन समतुल्य गुणोत्तर काढतात. सोपं आहे. समजा एकट्या कपाशीचं एकरी 8 क्विंटल येतं, आणि उडीद सोबत घेतल्यावर कपाशी 7.2 आली, म्हणजे 7.2 भागिले 8, 0.90. एकटा उडीद एकरी 3 क्विंटल येतो आणि कपाशीत 1.2 आला, म्हणजे 0.40. दोन्हींची बेरीज 1.30. अर्थ असा की मिश्र एका एकरात जेवढं निघालं तेवढं वेगवेगळं पिकवायला 1.30 एकर लागलं असतं. इथे लोक चटकन म्हणतात 30 टक्के फायदा! थांबा. हा जमिनीचा आकडा आहे, पैशाचा नाही.

पैशात करून बघू, भाव समजा कपाशी 7500 आणि उडीद 7000. चांगल्या वर्षी एकटी कपाशी 60,000. मिश्र म्हणजे कपाशीचे 54,000 आणि उडदाचे 8,400, एकूण 62,400. दुसऱ्या वर्षी समजा सप्टेंबरात मोठी उघडीप पडली, उडीद तोवर निघून गेलेला, कपाशीला मार. एकटी कपाशी 4 क्विंटल म्हणजे 30,000. मिश्रात कपाशी 3.8 म्हणजे 28,500 आणि उडीद 1 क्विंटल 7,000, एकूण 35,500. तिसऱ्या वर्षी समजा उडीद तोडणीलाच झड लागली, शेंगा झाडावरच उगवल्या, उडीद फक्त 20 किलो. एकटी कपाशी 60,000, मिश्र 54,000 आणि 1,400 मिळून 55,400, म्हणजे मिश्र मागे.

तीन वर्षांची बेरीज, एकटी कपाशी 1,50,000, मिश्र 1,53,300. आता उडदाचं बी, पेरणी, शेंगा तोडणी, मळणी मिळून समजा वर्षाला 2,500 धरले तर 7,500 वजा, मिश्र 1,45,800. तोटा! वर ज्या तक्रारीपासून सुरुवात केली ती हीच. पण चवळी-उडीद-ज्वारीच्या जोरावर मोजून फवारणी केली आणि वर्षाला दोन फवारे, औषध आणि मजुरी मिळून एका फवाऱ्याचे 1,000 असे 2,000 वाचले तर तीन वर्षांचे 6,000 परत येतात आणि मिश्र 1,51,800 वर जातं. म्हणजे या उदाहरणात अख्ख्या आंतरपिकाचा नफा-तोटा त्या दोन वाचलेल्या फवाऱ्यांवर उभा आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, भाव वेगळे असतील, मांडणी हीच ठेवा आणि आपले टाका.

बेरजेत फरक फार नाही हे पण बघा, खरा फरक सगळ्यात वाईट वर्षात आहे. एकट्या कपाशीचं वाईट वर्ष 30,000, मिश्राचं वाईट वर्ष 35,500 मधून उडदाचा खर्च वजा आणि वाचलेले फवारे जमा करून 35,000. ज्याच्या डोक्यावर पीककर्ज आहे त्याला हे पाच हजार चांगल्या वर्षातल्या पाच हजारांपेक्षा मोठे असतात. एका पिकाचा आणि मिश्र पिकाचा खरा फरक इथेच असतो, आणि तो एका हंगामात कधीच दिसत नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये राव आणि विली यांनी 1980 मध्ये ज्वारी-तुरीच्या 94 प्रयोगांचे आकडे घेऊन हेच मोजलं होतं. उत्पन्न एका ठरावीक पातळीच्या खाली गेलं तर त्याला नापिकी धरायचं असं ठरवून बघितलं, तर एकटी तूर पाच वर्षांतून एकदा, एकटी ज्वारी आठ वर्षांतून एकदा आणि दोन्ही मिळून 36 वर्षांतून एकदा नापिकीत जाईल असं निघालं. ज्वारी-तूर हे आपलंच जुनं जोडपं, त्यात एक पावसाळ्यात निघतं आणि दुसरं हिवाळ्यापर्यंत खोल मुळांवर तग धरतं, म्हणून एकाच उघडिपीत दोन्ही सापडत नाहीत. कपाशी-उडदात पण तेच तत्त्व आहे, पण कपाशी-उडदासाठी 36 हा आकडा जसाच्या तसा उचलू नका, तो त्या जोडीचा आहे.

तुलना करताना शेवटची एक गफलत. शेजाऱ्याच्या एकट्या कपाशीशी आपलं मिश्र वावर तोलू नका, त्याची जमीन वेगळी, वाण वेगळं, पाणी वेगळं. आपल्याच वावरात, त्याच जमिनीत, त्याच वाणाची दहा-बारा ओळींची एक पट्टी एकट्या कपाशीची ठेवा, आणि उडदाची एक छोटी पट्टी एकट्या उडदाची, नाहीतर गुणोत्तर काढायला 8 आणि 3 हे आकडे आणणार कुठून? दोन्हीकडची वेचणी वेगळ्या गोणीत, वजन वेगळं, फवारे आणि मजूर वेगळे लिहायचे. एकट्या कपाशीच्या पट्टीवर पण मोजूनच फवारा, तिला कॅलेंडरने मारायचं आणि मिश्राला मोजून, असं केलं तर फरक आंतरपिकाचा का मोजण्याचा ते कळणार नाही. दोन पट्ट्या चिकटून ठेवू नका, ढालकिडा कुंपण मानत नाही, मध्ये चार-सहा ओळी सोडा आणि त्या ओळींचा कापूस हिशोबात धरू नका. असं निदान तीन खरीप लिहून ठेवलं, त्यात एखादं उघडिपीचं आणि एखादं झडीचं वर्ष आलं, की तुमच्या जमिनीसाठी उडीद बरा, मूग बरा का तूर बरी, याचं उत्तर तुमच्याच वहीतून निघेल.